सातबाऱ्यावर सुमन, आधारवर स्मिता

*माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, सासर मिरजेत. लग्न १९९६ साली झालं आणि लग्नात सासरी माझं पहिलं नावही बदललं. वडील गेल्यावर भावांनी वारस नोंद केली, त्यात माझं नाव 'सुमन दत्तात्रय माने' असं लागलं. आधार, पॅन, बँक सगळीकडे मात्र मी 'स्मिता प्रकाश शिंदे'. आता आम्ही तिघं भावंडं मिळून तो गट विकतोय, विसार झालाय. घेणाऱ्याच्या वकिलांनी नावावर बोट ठेवलं. मी नोटरीकडून पाचशेच्या स्टॅम्पवर 'दोन्ही नावं माझीच' असं प्रतिज्ञापत्र करून घेतलं. तलाठी भाऊसाहेब म्हणाले, एवढ्यावर सातबारा बदलत नाही. एकजण म्हणतो गॅझेट करा, दुसरा म्हणतो आधारच बदला. नेमकं काय करू?*
*— एक वाचक, मिरज (नावं बदलली आहेत)*

ताई, आधार बदलू नका. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण घाईत लोक नेमकं तेच करून बसतात. एका जमिनीसाठी आधारवर 'सुमन माने' करून घेतलंत तर उद्या पॅन, बँक आणि मुलांच्या कागदांवरचं आईचं नाव, सगळीकडे हाच घोळ नव्याने सुरू होईल. शिवाय आधारवर नाव साधारण दोनदाच बदलून मिळतं आणि त्यासाठी नुसतं नोटरीचं प्रतिज्ञापत्र चालत नाही. ज्या नावाने तुम्ही गेली जवळपास तीस वर्षं वावरताय ते तसंच राहू द्या. जुळवायचं आहे ते सातबाऱ्याच्या बाजूने.

तलाठी भाऊसाहेब बरोबर बोलले. (त्यांच्या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण तुम्ही लिहिलंय तसं तलाठीच म्हणतो.) तुमच्या प्रतिज्ञापत्राला साथीला दुसरा कागद नाही, अडचण तिथे आहे. नोटरी शिक्का मारतात तो कशाचा, ते पाहा. समोर आलेल्या बाईंनी आपली ओळख दाखवली, शपथेवर हा मजकूर खरा असल्याचं सांगितलं आणि आमच्यासमोर सही केली, एवढंच नोटरी सांगतात. मजकूर खरा आहे की नाही हे ते तपासत नाहीत, तो त्यांचा अधिकारही नाही. मग तलाठ्यांच्या टेबलावर काय येतं? 'स्मिता शिंदे' अशा आधारवाली एक बाई म्हणते, सातबाऱ्यावरची सुमन माने मीच. उद्या दुसरी एखादी बाई हेच लिहून घेऊन आली तर तिचा कागदही असाच दिसेल. त्यामुळे तुमच्या शब्दाला दुजोरा देणारे असे कागद हवेत, जे तुम्ही आत्ता या विक्रीसाठी तयार केलेले नाहीत, दुसऱ्या कुणीतरी पूर्वीच लिहून ठेवलेले आहेत. प्रतिज्ञापत्राचं काम ते कागद एकमेकांना जोडण्याचं.

त्यातला पहिला कागद तहसील कार्यालयात पडलेला असण्याची बरीच शक्यता आहे, आणि लोक तोच मागत नाहीत. सातबाऱ्यावर तुमच्या नावाशेजारी फेरफार क्रमांक असेल. त्या क्रमांकाच्या वारस फेरफाराची नक्कल काढा. डिजिटल सही असलेला फेरफार आणि सातबारा digitalsatbara.mahabhumi.gov.in वर मिळतो. पण तिथे फक्त नोंद दिसते. त्या नोंदीमागे जो वारस अर्ज होता, त्याला जोडलेली वंशावळ आणि भावांनी तेव्हा दिलेलं प्रतिज्ञापत्र, यांच्या सही-शिक्क्याच्या नकला तलाठी किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षाकडे अर्ज करून मागा. खानापूर तालुक्यातल्या एका बहिणीचं असंच अडलं होतं. फेरफारात तिचं माहेरचं नाव होतं, पण वंशावळीत भावानेच 'मुलगी, विवाहित' म्हणून सासरचं पूर्ण नाव लिहिलं होतं. वारस नोंदीच्या वेळी लिहिलेली ती एक ओळ पुढच्या सगळ्या कागदांना भारी ठरली, कारण तेव्हा विक्रीचा विषयच नव्हता. तुमच्या फाइलीत तसं निघालं तर अर्धं काम झालं. नाही निघालं तरी निदान त्या वंशावळीत दत्तात्रय माने यांना किती मुली, हे स्पष्ट होईल. तुम्ही एकच मुलगी असाल तर 'सुमन म्हणजे कोणती' हा प्रश्नच उरत नाही.

दुसरा कागद विवाह नोंदणीचा दाखला. १९९६ चं लग्न म्हणजे बहुधा नोंद केली नसेल. ती आताही करता येते. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली उशिरा केलेली नोंदही होते, थोडा दंड भरावा लागतो एवढंच. मिरजेत राहता तर महापालिकेच्या कार्यालयात. लग्न गावाकडे झालं असेल तर तिथल्या ग्रामपंचायतीत. तीन साक्षीदार लागतात. लग्नपत्रिका जपून ठेवली असेल तर उत्तमच. अर्ज भरताना एक काळजी घ्या: वधूचं नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणे, 'सुमन दत्तात्रय माने' असंच लिहा. हौसेने तिथे 'स्मिता' लिहून आलात तर दाखला मिळेल, पण या कामासाठी त्याचा उपयोग शून्य होईल.

या दाखल्याने काय साधतं आणि काय नाही? माने घराण्यातल्या सुमनचं प्रकाश शिंदे यांच्याशी लग्न झालं, हे सिद्ध होतं. म्हणजे वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आणि माने जाऊन शिंदे, हा भाग सुटला. बहुतेक बहिणींचं काम इथेच भागतं, कारण त्यांचं पहिलं नाव तेच राहिलेलं असतं. तुमच्या प्रकरणाची खरी गाठ 'सुमन'ची 'स्मिता' झाली यात आहे. आपल्याकडे ताटातल्या तांदळावर अंगठीने नाव लिहिलं की बदल झाला, त्याचा कागद कुणी केला नाही. मग 'प्रकाश शिंदे यांची पत्नी' हाच धागा पकडायचा. १९९६ नंतर लगेचच्या शिधापत्रिकेवर प्रकाश यांची पत्नी म्हणून 'स्मिता' लागली असेल, जुन्या मतदार यादीत असेल, पहिल्या मुलाच्या जन्मदाखल्यात आईचं नाव असेल. मुलाचा जन्म लग्नानंतर दीड-दोन वर्षांत झाला असेल तर तो दाखला फार उपयोगी पडतो: प्रकाश शिंदे यांची पत्नी एकच, लग्नाच्या दाखल्यात ती सुमन आणि जन्मदाखल्यात ती स्मिता. यांपैकी जितका जुना कागद तितकं बरं.

आणि तिसरी गोष्ट कागदाहून मोठी आहे, ती म्हणजे तुमचे दोन्ही भाऊ. सातबाऱ्यावर ते तुमचे सहहिस्सेदार आहेत. 'स्मिता' ही 'सुमन' नव्हे असं ठरलं तर फायदा झाला तर त्यांचाच. ज्याचा हितसंबंध विरुद्ध बाजूला आहे, तो माणूस 'हीच आमची बहीण' असं शपथेवर सांगतो तेव्हा मंडल अधिकारी त्याला नोटरीच्या शिक्क्यापेक्षा जास्त वजन देतात. तेव्हा त्या दोघांचं वेगळं, संयुक्त प्रतिज्ञापत्र घ्या. नवऱ्याचं किंवा शेजाऱ्याचं घेऊन फारसा उपयोग नाही.

आता तुमचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र नव्याने करू. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत एवढंच आहे की 'सुमन दत्तात्रय माने व स्मिता प्रकाश शिंदे ही एकाच व्यक्तीची नावे आहेत'. हे निष्कर्षाचं वाक्य झालं. त्याच्या आधीची हकीकतच नाही. मी असं लिहीन:

> मी, स्मिता प्रकाश शिंदे, पूर्वाश्रमीचे नाव सुमन दत्तात्रय माने, वय … वर्षे, व्यवसाय …, राहणार मिरज, जि. सांगली, प्रतिज्ञेवर खालीलप्रमाणे सत्य कथन करते की,
>
> १. माझा जन्म मौजे …, ता. तासगाव येथे झाला असून माझे वडील कै. दत्तात्रय … माने हे होत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर (जनरल रजिस्टर नं. …) माझे नाव सुमन दत्तात्रय माने असे आहे.
>
> २. माझा विवाह प्रकाश … शिंदे यांच्याशी दि. … /१९९६ रोजी झाला. विवाह नोंदणी दाखला क्र. … सोबत जोडला आहे. विवाहसमयी माझे नाव स्मिता असे ठेवण्यात आले व तेव्हापासून मी स्मिता प्रकाश शिंदे या नावाने ओळखली जाते.
>
> ३. आधार (शेवटचे चार अंक …), पॅन व शिधापत्रिका यांवर माझे नाव स्मिता प्रकाश शिंदे असे आहे.
>
> ४. वडिलांच्या मृत्यूनंतर गट नं. …, मौजे … या मिळकतीस फेरफार क्र. … ने वारस म्हणून लागलेले सुमन दत्तात्रय माने हे नाव माझेच आहे. माझ्या वडिलांच्या वारसांत या नावाची अन्य कोणतीही व्यक्ती नाही.
>
> ५. हे प्रतिज्ञापत्र वरील गटाच्या अधिकार अभिलेखात माझ्या नावाची नोंद घेण्याकामी तहसीलदार, तासगाव यांच्याकडे सादर करण्यासाठी केले आहे.

खाली 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे' हे सत्यापन, ठिकाण, तारीख, सही. चौथ्या कलमातलं शेवटचं वाक्य गाळू नका. तुम्ही एकच व्यक्ती आहात हे सांगणं निम्मं झालं; त्या नावाची दुसरी व्यक्ती त्या घरात नाही हेही सांगायला हवं. पण ते खरं असेल तरच लिहा. चुलत घरात 'सुमन' असेल तर हरकत नाही, वारसांत नको. प्रतिज्ञापत्रात जाणूनबुजून खोटं लिहिणं हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे आणि असल्या प्रकरणात तो उघड व्हायला फार वेळ लागत नाही.

पाचव्या कलमाचा पैशांशीही संबंध आहे. शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात २००४ पासून माफ आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचा दर पाचशे झाला तेव्हा पुन्हा गोंधळ उडाला आणि टेबलाटेबलावर स्टॅम्प मागू लागले. ही माफी कायम असल्याचं सरकारला परत सांगावं लागलं. म्हणजे तहसीलसाठीचं प्रतिज्ञापत्र साध्या पांढऱ्या कागदावर चालतं आणि ते तहसीलमधल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोरही करता येतं. घेणाऱ्याच्या वकिलांना किंवा त्याच्या बँकेला जी प्रत द्यायची ती मात्र सरकारी कार्यालयासाठी नाही, तिथे पाचशेचा स्टॅम्प लागेल आणि तो तुमच्या नावाने घेतलेला हवा. भावाने स्वतःच्या नावाने आणलेला स्टॅम्प वापरू नका. तेव्हा दोन प्रतिज्ञापत्रं करा, मजकूर एकच, पाचव्या कलमात कारण वेगळं.

नोटरीकडे जाताना मूळ कागद बरोबर न्या, त्यांच्यासमोरच सही करा, प्रत्येक पानावर करा. सही पॅनवर आहे तीच. नोटरींच्या रजिस्टरमध्ये तुमची नोंद आणि सही झाली पाहिजे आणि तो अनुक्रमांक तुमच्या कागदावर दिसला पाहिजे. तो नसेल तर घेणाऱ्याचे वकील पहिली हरकत तिथेच घेतील. 'तुम्ही येऊ नका, कागद पाठवून द्या, मी करून आणतो' असं म्हणणाऱ्या एजंटाला हात जोडा.

एवढं जमलं की तलाठ्यांकडे अर्ज. इथे एक चूक बरेच जण करतात: जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली 'लेखनप्रमाद दुरुस्ती'चा अर्ज टाकतात. ते कलम हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर 'दत्तात्रय' असताना संगणकावर 'दत्तात्रम' पडलं अशा चुकांसाठी आहे. तुमच्या बाबतीत लिहिणाऱ्याने काहीच चूक केलेली नाही, वारस नोंद झाली तेव्हा सांगितलं गेलं तेच लिहिलं. म्हणून १५५ चा अर्ज 'ही लेखनचूक नाही' म्हणून परत येतो आणि महिना फुकट जातो. तुम्ही विवाहानंतरच्या नावबदलाची नोंद घेण्याचा अर्ज द्या आणि मागणी अशी करा की 'सुमन दत्तात्रय माने उर्फ स्मिता प्रकाश शिंदे' असं नाव लागावं. जुनं नाव पुसून नवं लावण्यापेक्षा 'उर्फ' बरं, कारण मागचे फेरफार वाचणाऱ्याला साखळी तुटलेली दिसत नाही.

तलाठी नोंद धरतील, हितसंबंधितांना नोटीस निघेल, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असेल. त्यानंतर मंडल अधिकारी ती मंजूर किंवा नामंजूर करतील. मंजुरी देणं तलाठ्यांच्या हातात नसतं, तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका. अर्जाची पोच मात्र जरूर घ्या. भावांचं प्रतिज्ञापत्र अर्जाबरोबरच असलं की नोटिशीवर त्यांच्याकडून हरकत येण्याचा प्रश्नच राहत नाही. नोंद नामंजूर झाली तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील आहे, पण माझ्या मते तिथवर जायची वेळ येणार नाही. आलीच तर मंडल अधिकाऱ्यांची शंका एकाच ठिकाणी असेल: पहिलं नाव बदलल्याचा पुरावा कुठे?

गॅझेटचा विचार तेव्हाच करा. राज्याच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करता येतो, अर्ज ऑनलाइन जातो, आणि छापून आलेल्या त्या पानावर जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी असतात. सुमनची स्मिता झाल्याचा तो स्वच्छ पुरावा आहे, यात वाद नाही. पण त्याला वेळ लागतो. तुमच्याकडे जुनी शिधापत्रिका, जन्मदाखला आणि भावांची शपथ असताना त्याची गरज पडेलच असं नाही. विसाराच्या मुदतीला अवकाश असेल तर अर्ज आजच टाकून ठेवा, काम अडलं तर हाताशी असेल. मुदत जवळ असेल तर त्यासाठी थांबू नका. नकाराचं कारण लेखी घ्या आणि मग ठरवा.

आता विक्रीचं. काही वकील म्हणतील, सातबारा बदलायची गरजच नाही, खरेदीखतातच दोन्ही नावं लिहू. तेही चालतं. खतात 'लिहून देणार नं. ३: सौ. स्मिता प्रकाश शिंदे, पूर्वाश्रमीचे नाव सुमन दत्तात्रय माने' असं लिहायचं, हकीकतीच्या परिच्छेदात फेरफार क्रमांकासह खुलासा द्यायचा, आणि लग्नाचा दाखला व प्रतिज्ञापत्र दस्ताला जोडायचं. भाऊ त्याच दस्तावर सह्या करणार असल्याने ती त्यांचीही नोंदणीकृत कबुली होते. दुय्यम निबंधकांकडे दस्त सहसा अडत नाही. अडतं ते नंतर. नोंदणी झाल्यावर दस्ताची माहिती ऑनलाइन फेरफारासाठी तलाठ्यांकडे जाते. तिथे विकणाऱ्यांत 'स्मिता शिंदे' आणि सातबाऱ्यावर 'सुमन माने' असं दिसलं की घेणाऱ्याच्या नावाची नोंद लटकते. तोवर तुम्ही पैसे घेऊन मोकळ्या झालेल्या असता आणि घेणारा तुमच्या दारात. म्हणूनच बहुतेक घेणारे अशा वेळी शेवटचा हप्ता राखून ठेवतात, आणि तो नेमका बहिणीच्या वाट्यातून कापला जातो, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

म्हणून माझं मत: विसाराला दोन महिने शिल्लक असतील तर आधी सातबाऱ्यावर 'उर्फ' लावून घ्या, मग खरेदीखत. घेणारा कर्ज काढून घेत असेल तर हा क्रम सोडूच नका, त्याच्या बँकेचे वकील तो प्रश्न विचारणारच. मुदत कमी असेल आणि घेणारा कर्ज न काढता व्यवहार करत असेल तर खतातला मार्ग घ्या. मात्र दस्ताची माहिती ऑनलाइन भरताना, विकणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात दोन्ही नावं टाकली गेलीत का ते संगणकावरच स्वतः वाचून घ्या. खतात बरोबर आणि रकान्यात फक्त 'स्मिता' असं झालं तर खतातल्या खुलाशाचा फेरफारात काही उपयोग होत नाही.

शेवटी एक तपासणी बाकी आहे. शाळेचा दाखला आणि आधार यांवरची जन्मतारीख एक आहे का, ते आजच पाहा. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, हे कुणालाही समजावता येतं. पण त्यात वयही दोन वर्षांनी पुढे-मागे निघालं तर समोरच्याला दोन बाया दिसायला लागतात. तारीख वेगळी असेल तर लपवू नका. दुसऱ्या कलमानंतर आणखी एक कलम घाला, कोणत्या कागदावर कोणती तारीख आहे आणि खरी कोणती ते सांगा, आणि भावांच्या प्रतिज्ञापत्रातही तीच तारीख येऊ द्या. ती नक्की झाल्याशिवाय नोटरीकडे जाऊ नका.